आमच्या मळ्यातली पहिली मुक्कामी बॅच आणि माझं चुकलेलं रेटचं गणित

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, दीड एकर द्राक्षं आणि बाकी ऊस. तालुका पर्यटन तालुका जाहीर झाल्यापासून वीकेंडला पुण्या-मुंबईच्या गाड्या दिसायच्याच, म्हणून मागच्या वर्षी म्हटलं आपणही दोन खोल्या देऊन बघू. रेट कसा ठरवला तर शेजारच्या गावातला एकजण मुक्कामाचे माणशी ७०० घेतो असं ऐकलं होतं, मग आपण पण ७००. बास, एवढाच विचार.

पहिली बॅच १४ जणांची आली, १० मोठे आणि ४ पोरं, शनिवारी दुपारी जेवायला येऊन रविवारी नाश्ता करून जाणार. पोरांचे पैसे काय घ्यायचे म्हणून मीच सोडून दिले, म्हणजे हातात आले ७०००. रात्री मासवडी ठेवली होती कारण आमच्याकडे आलेल्याला ती द्यायचीच. पण ती गंमत १४ जणांना करायची म्हणजे काय ते आई आणि बायकोला विचारा. बेसन फोडणीच्या पाण्यात घोटून गोळा व्हायला लागलं की गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापावं लागतं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, कांदा, कोथिंबिरीचं सारण आणि फडक्यानेच दुमडून वडी दाबायची. जरा गार झालं की चिरा पडतात आणि कापताना सगळं सारण बाहेर. दोन बायका मदतीला होत्या म्हणून नऊला ताटं पडली. आणि मग कळलं की पोरांना रस्सा झेपतच नाही, एकाच्या डोळ्यातून पाणी, त्याची आई म्हणते दादा साधं काही आहे का. आता आम्ही वरण-भात आणि तूप आधीच वेगळं काढून ठेवतो.

झोपायला भाड्याने गाद्या आणल्या होत्या. त्यांच्यासोबत एक आजी होत्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यांना खाली बसताच येईना, शेवटी आईची खाट दिली आणि आई ओसरीवर झोपली. फोनवर एकदा विचारलं असतं वयस्कर कोणी आहे का तर हे झालं नसतं. कमोडचं आधीच केलं होतं, निदान ते तरी.

पण खरा घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीने. विहिरीचा कठडा दीड फूट, आम्हाला लहानपणापासून सवय, कधी डोक्यात आलंच नाही. सहा वर्षांचा एक पोरगा मोटर बघायला त्यावर चढून वाकला. मी पाठीमागून शर्ट धरला, काही झालं नाही, पण त्या रात्री झोप नाही. पुढच्या आठवड्यात कठडा चार फूट करून वरून जाळी टाकली, नंतरच पुढचं बुकिंग घेतलं. दुसरं म्हणजे बिबट्या. आमच्याकडे उसात असतोच, ते लपवून उपयोग नाही. संडास खोल्यांपासून ४० फुटांवर आणि बाजूला ऊस, त्यामुळे तिथपर्यंत लाईट लावली, त्या बाजूच्या चार सऱ्या काढूनच टाकल्या, आणि आल्या आल्या सगळ्यांना सांगतो की अंधार पडल्यावर पोरं एकटी सोडायची नाहीत, अंगणात खाली बसायचं नाही, जाताना मोठ्याने बोलत जायचं. वनखात्याचा १९२६ नंबर दारावरच लिहिलाय.

आता पैशाचं. सोमवारी वहीत मांडलं. किराणा, भाजी २९००, दोन बायकांची दोन दिवसांची मजुरी १६००, गाद्या ५६०, चादरी-अभ्रे परटाकडे ४२०, गॅस ५००, ट्रॅक्टरचं डिझेल ४००. झाले ६३८०. उरले ६२०, आणि घरचं दूध, कांदे, आमची तिघांची दोन दिवसांची मेहनत तर धरलीच नव्हती. बायको म्हणाली, यापेक्षा दुसऱ्याच्या बागेत विरळणीला गेले असते तर जास्त आले असते. खरंच होतं.

आता मुक्कामाला मोठ्यांना १२००, पाच ते दहा वर्षांच्या पोरांना निम्मे, त्याखाली फुकट. त्याच बॅचला हा रेट लावला असता तर चारही पोरं निम्म्यातली, १४४०० झाले असते. गाद्या आणि दोन खाटा आता स्वतःच्या घेतल्यात. आकडा गुरुवारी दुपारपर्यंत फायनल आणि निम्मे पैसे आधी, कारण एकदा आठजण म्हणून पाचच आले होते आणि मजुरी पूर्णच द्यावी लागली. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना ६००, त्यात मासवडी नाही, पिठलं-भाकरी.

नवा रेट सांगितल्यावर पहिल्या दोघांनी बघतो म्हणून फोन ठेवला. तिसऱ्या ताईंनी आधी विचारलं विहिरीला जाळी आहे का, मग पैसे टाकले.