तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या कोर्सचं पुढे डिग्रीत काय होतं

"काकू, आत्ता तीन महिन्यांचं एखादं सर्टिफिकेट करून ठेवलं आणि डिग्रीला नंतर ॲडमिशन घेतली, तर ते त्यात धरतील का?"

धरतीलही, पण बहुतेक सर्टिफिकेटं धरत नाहीत आणि जी धरतात त्यांनी वर्ष वाचत नाही, फार तर एखादा पेपर वाचतो. हे आधी सांगून टाकते कारण इंदूरात मी ज्या ज्या घरी हा प्रश्न ऐकते तिथे मनात हिशोब असाच असतो की चार-पाच सर्टिफिकेटं जमवली की डिग्री दोन वर्षांत उरकेल. तसं होत नाही, आणि का होत नाही ते आकडे मांडले की लगेच दिसतं.

मी बरीच वर्षं इथल्या एका प्रायव्हेट कॉलेजात होते, शेवटी शेवटी ऑनलाइन कोर्सचं आणि क्रेडिटचं सगळं काम माझ्याकडेच आलं होतं, त्यामुळे कागद कुठे अडकतो ते माहीत आहे. पण उदाहरण घरचंच घेते, माझ्या नणंदेच्या मुलीचं. बारावीनंतर ती सियागंजात एका व्यापाऱ्याकडे अकाउंट्सला लागली, आता तिला बीकॉम करायचंय, आणि तिच्या फाइलमध्ये तीन कागद आहेत. राजवाड्याजवळच्या क्लासचं टॅली-जीएसटीचं तीन महिन्यांचं सर्टिफिकेट, एका प्रायव्हेट वेबसाइटचं डिजिटल मार्केटिंगचं, आणि स्वयम ह्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून केलेला एनपीटेलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सपैकी एक, बारा आठवड्यांचा कोर्स, परीक्षा देऊन. तिन्ही कागद दिसायला सारखेच, शिक्का, सही, कोपऱ्यात क्यूआर कोड. मेहनत विचाराल तर टॅलीलाच जास्त घेतली तिने. रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस, तीन महिने म्हणजे पंच्याहत्तरच्या आसपास तास झाले.

आता आपल्याकडे 2023 मध्ये नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क आलं, त्याचा हिशोब असा की साधारण 30 तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट आणि वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट. त्या मापाने टॅलीचे अडीच क्रेडिट व्हायला हवेत ना? होत नाहीत, कारण तास कोणी मोजले आणि परीक्षा कोणी घेतली हे आधी बघतात. क्रेडिट देण्याचा अधिकार क्लासला नाही. कॉलेज-युनिव्हर्सिटीला असतो, स्वयमला आहे, आणि स्किलच्या बाजूला एनसीव्हीईटी ह्या सरकारी नियामक संस्थेने मान्यता दिलेल्या संस्थांना असतो. क्लास अशा एखाद्या संस्थेशी जोडलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग सर्टिफिकेटवर ते दिसतं, लेव्हल किती आणि क्रेडिट किती हे छापलेलं असतं. नुसतं 'गव्हर्मेंट रजिस्टर्ड' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दुकान रजिस्टर्ड आहे एवढाच घ्यायचा (पाटीवर हे मोठ्ठ्या अक्षरात असतं, आणि आईवडील तेच वाचून फी भरतात).

लेव्हलचं तर कोणी बोलतच नाही. त्या फ्रेमवर्कमध्ये बारावी म्हणजे लेव्हल 4, डिग्रीचं पहिलं वर्ष 4.5, दुसरं 5, तिसरं 5.5. म्हणजे स्किलचं सर्टिफिकेट लेव्हल 3 किंवा 4 चं असेल तर ते शाळेच्या पातळीवरचं झालं, त्याचे क्रेडिट खरे असले तरी बीकॉमच्या तिसऱ्या वर्षाच्या पेपरच्या जागी ते बसवायला कोणी तयार होणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

वेबसाइटवालं सर्टिफिकेट मी तिला बाजूला ठेवायला सांगितलं. व्हिडिओ बघून घरबसल्या क्विझ दिली, समोर कोणी बसलेलं नव्हतं. काही युनिव्हर्सिट्यांचं अशा वेबसाइटशी टायअप असतं आणि तिथे ते चालतं, पण ते त्या युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना, बाहेरून आणलेल्या कागदाला नाही.

राहिला एनपीटेलचा. ह्याची परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, आणि मार्कांची पद्धत नीट समजून घ्या कारण पोरं इथेच पडतात. 25 मार्क असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या असाइनमेंटपैकी सगळ्यात चांगल्या आठ धरतात, पण असाइनमेंटमध्ये 25 पैकी कमीत कमी 10 आणि परीक्षेत 75 पैकी कमीत कमी 30 असं दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. परीक्षेत 60 आले आणि असाइनमेंट सोडूनच दिल्या होत्या तर सर्टिफिकेट नाही, बेरीज कितीही होऊ दे. माझी भाची दोन्हीकडे पास आहे. स्वयमच्या हिशोबात चार आठवड्यांच्या कोर्सला एक, आठला दोन आणि बाराला तीन क्रेडिट, म्हणजे तिचे तीन झाले.

हे तीन जाऊन बसतात ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे सगळे म्हणतात ती एबीसी. यूजीसीने 2021 मध्ये त्याचे नियम काढले. डिजिलॉकरमधून बारा आकडी आयडी काढायचा, कोर्सच्या रजिस्ट्रेशनला तो द्यायचा, की क्रेडिट तिथे जमा होतात. जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, एकदा एका डिग्रीसाठी वापरले की खात्यातून गेले, दुसऱ्या डिग्रीला परत चालत नाहीत. आणि 2021-22 च्या आधी केलेलं काही तिथे जात नाही, त्यामुळे 2018 ची सर्टिफिकेटं कपाटातून काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, खरंच.

तर समजा भाचीच्या खात्यात तीन क्रेडिट जमा झाले, मग काम झालं? इथेच लोकांची गफलत होते. खात्यात असणं आणि डिग्रीत लागणं ह्यात मधे युनिव्हर्सिटी बसलीये. ती विचारते की हा कोर्स आमच्या कोणत्या पेपरच्या जागी घ्यायचा? बीकॉमचा जो ढाचा नवीन शैक्षणिक धोरणात आला (आपलं मध्य प्रदेश त्यात पहिल्या राज्यांपैकी, 2021-22 पासूनच) त्याच्या यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांचे कमीत कमी 120 क्रेडिट आहेत. त्यात मेजरचे म्हणजे मुख्य विषयाचे 60, मायनरचे म्हणजे जोडविषयाचे 24, आणि मग 9 क्रेडिट इतर विषयांचे, 9 स्किलचे असे छोटे कप्पे. बाहेरून आणलेला कोर्स मेजरमध्ये घुसवणं जवळपास अशक्य, तिथे प्रत्येक पेपरचा सिलॅबस ओळ न ओळ जुळवून बघतात. तो लागतो ह्या छोट्या कप्प्यांत किंवा इलेक्टिव्हमध्ये. भाचीचा कोर्स फायनान्शियल अकाउंटिंगचा असता तर उलट अडचण झाली असती, कारण तो विषय मेजरमध्ये आधीच आहे आणि एकच गोष्ट दोनदा मोजत नाहीत. तिचा आहे पायथॉन प्रोग्रॅमिंगचा, तो 'इतर विषय'मध्ये आरामात बसू शकतो.

आणखी एक किचकट गोष्ट म्हणजे कोर्स तीन क्रेडिटचा आणि कॉलेजचा पेपर चारचा निघाला तर एका क्रेडिटचं काय. एनपीटेलच्या सर्टिफिकेटवर बारा आठवड्यांच्या कोर्सला रेकमेंडेड क्रेडिट 'तीन किंवा चार' असं असतं, म्हणजे निर्णय कॉलेजवर सोडलेला. काही कॉलेजं चार देतात, काही तीनच देऊन उरलेल्या एकासाठी प्रोजेक्ट करायला लावतात, आणि काही सांगतच नाहीत आणि शेवटच्या सेमिस्टरला बेरीज 119 निघते, मग धावाधाव. तीन क्रेडिटच्या पेपरशी जोडी लावता आली तर तीच लावा.

आता वर्ष वाचण्याचा हिशोब. 120 पैकी तीन. सेमिस्टरला 20 क्रेडिट धरले तर एक पूर्ण सेमिस्टर गाळायला बारा आठवड्यांचे सात कोर्स लागतील. ते केलेतच तरी दोन भिंती आहेत. एक, स्वयमच्या 2021 च्या नियमात युनिव्हर्सिटी एका सेमिस्टरमधल्या एकूण कोर्सेसपैकी जास्तीत जास्त 40 टक्केच स्वयमवरून घेऊ देऊ शकते, म्हणजे पाच पेपर असतील तर दोन. दुसरी, एबीसीच्या नियमात कमीत कमी 50 टक्के क्रेडिट जी संस्था डिग्री देणार तिच्याकडूनच मिळवायचे, म्हणजे 120 मधले 60. तेव्हा सेमिस्टर काही उडत नाही. होतं काय, की एखाद्या सेमिस्टरला पाचाऐवजी चार पेपर द्यावे लागतात. नोकरी करून शिकणाऱ्या मुलीला हेही कमी नाही, मार्चमध्ये व्यापाऱ्याकडे क्लोजिंगची कामं असताना एक पेपर कमी असणं काय असतं ते तिलाच विचारा.

ज्यांना खरोखर छोट्या सर्टिफिकेटपासून डिग्रीपर्यंत चढत जायचंय त्यांनी बाहेरून तुकडे गोळा करण्यापेक्षा जिथे पायऱ्या एकाच संस्थेने बांधल्यात तिथे जावं. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस बघा. फाउंडेशन 32 क्रेडिटचं, मग 27-27 चे दोन डिप्लोमा, 114 ला बीएससी आणि 142 ला बीएस. मधे थांबलात तरी तेवढ्याचा कागद मिळतो आणि पुढच्या पायरीला आधीचा प्रत्येक क्रेडिट मोजलेला असतो, कोणापुढे अर्ज घेऊन उभं राहायला नको. अर्थात विषय तो हवा, आणि गणिताची तयारी हवी, भाचीने फाउंडेशनचा सिलॅबस बघितला आणि फोन बंद करून ठेवला.

तिला मी आता बीकॉमच्या ॲडमिशनआधी एक ईमेल करायला लावलाय, कॉलेजमध्ये क्रेडिटचं काम बघणाऱ्या नोडल ऑफिसरला, प्रिन्सिपलला कॉपी. त्यात कोर्सचं नाव, कोड, आठवडे, स्वयमच्या पानावर दिलेली लेव्हल (अंडरग्रॅज्युएट आहे की पोस्टग्रॅज्युएट, ते बघितलं जातं), मार्क, आणि सरळ तीन प्रश्न. ॲडमिशनच्या आधी मिळवलेले क्रेडिट घेता का, कोणत्या पेपरच्या जागी, आणि किती. उत्तर लेखी हवं, काउंटरवरचा भैया "हो जाएगा" म्हणाला त्याला काही अर्थ नाही, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या काउंटरवर असतो. नाही म्हणाले तर तिने नाराज न होता ॲडमिशननंतर, कॉलेजच्या मंजूर यादीतूनच पुढचा कोर्स निवडायचा असं ठरलंय.

आणि हो, एक आपल्या मराठी घरांचं खास. आधारवर नाव आणि आडनाव, दहावीच्या मार्कशीटवर मधे वडिलांचं नाव, आणि एनपीटेलला पोरांनी स्वतःच काहीतरी तिसरंच टाकलेलं. ही नावं जुळली नाहीत की क्रेडिट खात्यात पोचतच नाहीत किंवा पोचले तरी कॉलेजला तुमचे म्हणून दिसत नाहीत. भाचीचं आधार दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करायला टाकलंय, ते आलं की मग एबीसीचा आयडी काढू, आधी नाही.