दोन मिलिमीटर वरची जाळी

घरातल्या सगळ्यांत ओल्या जागेला मुंबईचे बिल्डर ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतात. हे नाव कुणाला सुचलं असेल याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. मशीन तिथे, कपड्यांची बादली तिथे, ओली चादर तिथे, पोछाचं पाणी ओतायचं तिथे, आणि नाव ड्राय!

माझं काम अशा जागांची चित्रं काढण्याचं. घर अजून सिमेंटमध्ये असतं, तेव्हा ते पूर्ण झाल्यावर कसं दिसेल हे मी संगणकावर रंगवून देते. हॉल आणि बेडरूमवर गिऱ्हाइकाचे शंभर शेरे येतात. ड्राय बाल्कनीचं चित्र मात्र शेवटी, संध्याकाळी साडेसातला, लोकल गाठायच्या घाईत उरकलेलं असतं. त्याचा साचा ठरलेला : पांढरं फ्रंट लोड मशीन, छताच्या दांड्यांवर तीन टॉवेल (तिन्ही बिस्किटाच्या रंगाचे, या घरांत कुणी परकर वाळत घालत नाही), कोपऱ्यात मनी प्लांट, राखाडी लादी आणि बरोबर मधोमध स्टीलची चौकोनी जाळी.

ती जाळी मी लादीच्या दोन मिलिमीटर वर ठेवते, आणि तशी ठेवावीच लागते. जाळी आणि लादी एकाच पातळीवर आल्या, तर पुढे कुणाला दाखवायचं हे संगणकाला कळत नाही, मग चित्रात काळे चट्टे उमटतात. म्हणून जाळी जराशी उचलायची. डोळ्याला कळतही नाही. दहा वर्षं मी हे करत होते आणि कधी दुसरा विचार मनात आला नव्हता.

मुलुंडच्या एका घराचं काम होतं. नवरा-बायको दोघं नोकरीला आणि घरात त्याची आई. काकूंचा जन्म गिरगावातला, चाळीतल्या दोन खोल्यांत वाढलेल्या. चित्रं दाखवायला गेले तेव्हा मुलगा-सून हॉलच्या सोफ्यावर अडले होते. काकूंनी ड्राय बाल्कनीचा कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “अगं, पण यात पाणी जातं कुठे?”

“ही काय काकू, जाळी.”

“जाळी दिसतेय गं मला. पाणी जाळीकडे जाईल कशाला? जमीन तर आरशासारखी सपाट काढलीयस.”

मी म्हटलं, प्रत्यक्षात ढाळ देतातच, चित्रात दिसत नाही एवढंच. काकूंनी कागद खाली ठेवला. त्यांना पटलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. म्हणून साइटवर काम लागलं त्या दिवशी मी स्वतः गेले. थ्रीडीवाल्यांना साइटवर कुणी बोलवत नाही. आमचं काम कागदापाशी संपतं, असं सगळेच धरून चालतात.

बाल्कनी ८ फूट लांब, ४ फूट रुंद. दार स्वयंपाकघराच्या बाजूने, एका टोकाला. पाण्याची वाट दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात. तिला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. प्लंबिंगच्या इंग्रजी कागदांतही हा शब्द असाच येतो. मला तो ऐकला की आजोळचं न्हाणीघर आठवतं, तांब्याचा बंब आणि ओल्या दगडाचा वास.

“मॅडम, तुमची जाळी मधोमध आहे,” प्लंबरदादा चित्र बघत म्हणाले. “ट्रॅप तर तिकडे. सरकवायचा म्हणजे स्लॅब फोडायचा. खालच्यांच्या छताला लागेल.”

ते नुसतं फोडाफोडीचं प्रकरण नव्हतं, हे लादीच्या मिस्त्रींनी मला जमिनीवर खडूने काढून समजावलं. जाळी मधोमध असेल तर चारही बाजूंनी पाणी मध्ये यायला हवं. म्हणजे जमीन पसरट बशीसारखी करायची. लादी तर वाकत नाही. दोन फुटी लादी मग जाळीपासून कोपऱ्यांपर्यंत तिरकी कापावी लागते, पाकिटाच्या मागच्या घड्यांसारखी. माझ्या चित्रात सांधे भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ गेले होते, जाळीच्या खालूनसुद्धा. अशा जमिनीवर पाणी असेल तिथेच बसून राहील. जाळी कोपऱ्यात असली की काम सोपं होतं. पाट जसा एका कोपऱ्याकडे कलता ठेवावा, तशी सबंध जमीन कलती करायची. लादी अख्खीच बसते, सांधेही सरळ राहतात.

किती कलती? मिस्त्रींचा हिशोब १०० ला १. आठ फूट म्हणजे २४०० मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा लांबीत २४ मिलिमीटर, जवळपास एक इंच. रुंदीत ढाळ निम्माच ठेवायचा, म्हणून आणखी ६. जुनी लादी उखडली तर तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग दुखावेल, म्हणून नवी लादी तिच्यावरच चिकटवायची ठरली होती. लादी आणि चिकटा मिळून १५. तिन्हींची बेरीज ४५. बाल्कनी स्वयंपाकघरापेक्षा ५० मिलिमीटर खाली होती, आणि दाराचं टोक नेमकं सगळ्यांत उंच येणार होतं. म्हणजे दारापाशी उरले फक्त ५.

“पाच?” काकू मागून म्हणाल्या. त्या कधी आल्या कळलंच नाही. “बादली कलंडली की पाणी थेट ओट्याखाली. उंबरा घाला इथे. आमच्या मोरीला वीतभर कट्टा होता, उगाच नव्हता.”

सुनेला उंबरा नको होता. एका पातळीतली जमीन छान दिसते, ठेचही लागत नाही. तिचंही खरं होतं. शेवटी २० मिलिमीटर उंच ग्रॅनाइटची पट्टी ठरली, कडा गोल करून. काकूंच्या मते तो उंबरा नव्हे, उंबऱ्याचा फोटो.

मग मशीन. चित्रात मी ते त्या टोकाच्या भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, म्हणजे खऱ्या ट्रॅपच्या बरोबर डोक्यावर. असं हजारो घरांत असतं. ट्रॅपमध्ये मोजेसुद्धा सापडतात, पण ते काढायला आधी साठ-सत्तर किलोचं धूड ओढावं लागतं, म्हणून कुणी काढतच नाही आणि पाणी तुंबलं की मशीनला शिव्या बसतात. आम्ही मशीन कोपऱ्यापासून दीड फूट अलीकडे घेतलं. त्या दीड फुटात ट्रॅप उघडा राहिला, वर बादली बसली. दोन फूट रुंदीच्या मशीनखाली जमीन ६ मिलिमीटर कलते, ते पायांचे स्क्रू फिरवून भरून निघालं. हे न केलं तर कपडे पिळताना मशीन थरथरत चालायला लागतं.

मशीनच्या नळीचं काय, हा प्रश्न माझ्या चित्रात नव्हताच, कारण मी नळीच काढली नव्हती. नळी दिसली की चित्र घाण दिसतं. घरोघरी ती जाळीत खुपसलेली असते. मशीनचा पंप पाणी धो धो सोडतो, जाळीतल्या केसांत ते अडतं आणि फेस पायावर येतो. नळी नुसती जमिनीवर पडली असेल तर आणखी एक गंमत होते : काही मशीनांत पाणी भरतानाच आपोआप बाहेर ओढलं जातं आणि मशीन भरतच बसतं. म्हणून प्लंबरदादांनी ट्रॅपच्या बगलेतून एक वेगळा पाइप भिंतीलगत अडीच फूट उभा आणला आणि नळीचं वाकडं टोक त्यात वरून अडकवलं. त्यात आणखी एक फायदा होता. ट्रॅपच्या पोटात दोन इंच पाणी कायम थांबलेलं असतं. गटाराचा वास आणि झुरळं अडवतं ते तेवढंच पाणी. मे महिन्यात घर बंद ठेवून माणसं कोकणात जातात, ते पाणी सुकतं आणि परतल्यावर दार उघडताच वास येतो. आपण म्हणतो, पाइप फुटला असेल. एक तांब्या पाणी ओतलं की काम झालं. मशीनचं पाणी त्याच पोटातून जात असेल तर रोज ते आपोआप भरत राहतं. जाताना पाण्यावर चमचाभर तेल सोडलं तर ते सुकायलाही वेळ लागतो, ही युक्ती प्लंबरदादांची नव्हे, काकूंची.

शेवटी जाळी बसवायची वेळ आली. मिस्त्रींनी बोटाने लादीची कड चाचपली आणि जाळी तिच्याहून दोन-तीन मिलिमीटर खाली दाबली. मी बघत राहिले.

“एवढी खाली?”

“वर राहिली तर पाणी तिला वळसा घालून उभं राहतं, मॅडम. मग डबकं. डबक्यात डास.”

संगणकाला हवी दोन मिलिमीटर वर आणि पाण्याला हवी दोन मिलिमीटर खाली. दहा वर्षं मी काढलेल्या सगळ्या बाल्कन्यांत पाणी जाळीला वळसा घालून उभं होतं.

सिमेंट सुकल्यावर काकूंनी परीक्षा घेतली. आधी दारापाशी नातवाची गोटी ठेवली. ती क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि मग कोपऱ्याकडे घरंगळत गेली. मग बादलीभर पाणी. ते गेलं, पण मशीनच्या पुढच्या पायाशी तळहाताएवढं थांबून राहिलं. तिथे एक लादी खाली बसली होती. मिस्त्री म्हणाले, पुसून घ्या, सुकेल. काकू काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी मिस्त्रींनी लादी उचकटली.

जुलैत मी सहज त्यांच्याकडे गेले. बाहेर धो धो पाऊस. छताच्या दांड्यांवर बिस्किटी टॉवेल एकही नव्हता. दोन चादरी, नातवाचे गणवेश, काकूंची नऊवारी दुहेरी घालून, आणि ती तरीही मशीनच्या झाकणापर्यंत लोंबत होती. सात किलो कपडे मशीनने कितीही पिळले तरी त्यांत तीन-चार लीटर पाणी उरतंच, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा ते घ्यायला तयार नसते. त्यामुळे काकूंनी दांड्यांखाली एक टेबलफॅन लावला होता. माझ्या चित्रात तो कधीच आला नसता. नऊवारीच्या काठातून थेंब पडत होते आणि लादीवरून एकामागोमाग एक कोपऱ्याकडे निघाले होते.

माझं चित्र त्यांनी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलंय. शेजारीण बघायला आली की काकू कौतुकाने दाखवतात आणि मधल्या जाळीवर बोट ठेवून सांगतात, “ही नाही हं. आपली तिकडे, कोपऱ्यात.”