फास्टिंग ९७ आणि जेवणानंतरची १२५: दोन आकडे, दोन वेगळे अर्थ

तुम्ही विचारलंत म्हणून: "गरोदरपणात शुगर निघाली आहे. जेवणानंतरच्या शुगर चांगल्या येतात, पण सकाळची फास्टिंग सारखी ९७-९८ दाखवते. रात्रीचं जेवण अजून कमी करू का? आणि जेवणानंतरची वेळ नक्की कधीपासून मोजायची?"

जेवण कमी करू नका, निदान एवढ्याच कारणासाठी तरी नको. का, ते सांगतो. पण आधी वेळेचं बघू, कारण वहीतले निम्मे गोंधळ तिथेच होतात.

वेळ पहिल्या घासापासून मोजायची, ताट उचलल्यापासून नव्हे. गरोदरपणात जेवणानंतरची साखर साधारण तास-दीड तासात सर्वात वर जाते. जेवायला चाळीस मिनिटं लागली आणि शेवटच्या घासानंतर तास मोजला, तर तपासणी खरं म्हणजे एक तास चाळीस मिनिटांनी होते आणि शिखर निसटण्याची शक्यता असते. एक तासाचं लक्ष्य १४० च्या खाली, दोन तासांचं १२० च्या खाली आणि फास्टिंगचं ९५ च्या खाली (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). मीटर मिलिमोलमध्ये दाखवत असेल तर हेच आकडे अनुक्रमे ७.८, ६.७ आणि ५.३ होतात. काही देशांत दोन तासांची मर्यादा थोडी कडक असते, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. एक तास किंवा दोन तास, यांपैकी एकच ठरवा आणि त्याला चिकटून राहा. तासाची वेळ हुकली तर दोन तास पूर्ण होऊ द्या, मग तपासा आणि शेजारी "दोन तास" असं लिहा. दीड तासाच्या आकड्याला लावायला मापच नाही.

दिवसातून चार वेळा तपासायचं: उठल्यावर काहीही खाण्यापिण्याआधी (साधं पाणी चालतं) आणि तिन्ही मुख्य जेवणांनंतर. जेवणाआधीचं का नाही? १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्शुलिन लागणाऱ्या ६६ गर्भवतींपैकी निम्म्यांचा डोस जेवणाआधीच्या साखरेवर ठरवला, तर निम्म्यांचा जेवणानंतर तासाभराने मोजलेल्या साखरेवर. दुसऱ्या गटातली बाळं कमी जाड झाली आणि जन्मल्यावर त्यांची साखर घसरण्याचं प्रमाणही कमी होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. जेवणानंतरचा आकडा त्या जेवणाबद्दल बोलतो: पिष्टमय पदार्थ किती होते, गोड प्यायलात का, नंतर बसून राहिलात की चाललात. फास्टिंगचा आकडा बराचसा तुमच्या यकृताबद्दल बोलतो. रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत असतं आणि इन्शुलिन त्याला आवर घालतं. वारेतून येणारी संप्रेरकं हा आवर ढिला करतात, पहाटे शरीराची स्वतःची संप्रेरकंही चढतात, म्हणून झोपेत काहीही न खाता साखर वर राहते. पथ्य मोडलं की फास्टिंग वाढते, ही समजूत घरोघरी असते. ती बहुतेक वेळा चुकीची ठरते.

एका आठवड्याची नमुन्याची वही घेऊ. सोमवार ते रविवार फास्टिंग: ९२, ९७, ९९, ९६, ९४, ९८, १०१. नाश्त्यानंतर एका तासाने: १२८, १५६, १३१, १२५, १५२, १३०, १२७. दुपारचे सगळे आकडे १३० च्या आत, रात्रीचे १२२ ते १३५.

आधी नाश्त्याचा रकाना उभा वाचा. दोनच आकडे उडालेत, मंगळवारी आणि शुक्रवारी. नोंद पाहिली तर त्याच दोन दिवशी नाश्त्याबरोबर फळांचा रस होता. सकाळी शरीर इन्शुलिनला सर्वात कमी दाद देतं, त्यामुळे दुपारी पचून जाणारा पदार्थ सकाळी आकडा उडवू शकतो. रस बंद करा, फळ खायचंच तर अख्खं आणि मधल्या वेळेला खा, मग तोच नाश्ता पुन्हा करून तपासा. इथे औषधाचा प्रश्नच नाही.

फास्टिंगचा रकाना वेगळा आहे. सातपैकी पाच आकडे वर आहेत, म्हणजे हा एखाद्या दिवसाचा अपघात नाही. आता शेजारी आदल्या रात्रीचा आकडा ठेवून पाहा. गुरुवारी रात्री १३५ होती, शुक्रवारी सकाळी ९४. शनिवारी रात्री १२२ इतकी कमी, तरी रविवारी सकाळी १०१, आठवड्यातली सर्वात जास्त. रात्रीचं जेवण आणखी कापलं तर रात्रीचा आकडा अजून सुंदर दिसेल, सकाळचा कदाचित जागचा हलणार नाही. उलट लांबलेल्या उपासाने रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, वाढू शकतात, आणि ते गरोदरपणात नको असतात.

करून बघण्यासारखं एवढंच: साडेसातला जेवून सकाळी सातला तपासत असाल तर मध्ये साडेअकरा तास जातात. झोपण्याआधी कपभर बिनसाखरेचं दूध आणि मूठभर दाणे किंवा बदाम घ्या, रात्री जेवून दहा-पंधरा मिनिटं चाला, आणि चार-पाच सकाळी काय होतं ते पाहा. आकडे खाली आले तर उत्तम. नाही आले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका, वही घेऊन डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी बहुधा झोपताना लांब काम करणारं इन्शुलिन किंवा मेटफॉर्मिन देतात, कारण रात्रीच्या यकृतावर जेवणाच्या ताटातून फारसा ताबा मिळत नाही. इन्शुलिन सुरू झालं की खालची मर्यादाही पाळायची: ७० च्या खाली आकडा आला तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा.

मीटरबद्दलही जरा संशय ठेवावा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खालच्या आकड्यात १५ इकडेतिकडे चालतात, म्हणून एकटी ९७ ऐकून घाबरण्यात अर्थ नाही. रकान्याला किंमत आहे. बोटावर फळाचा किंवा साखरेचा अंश असेल तर आकडा खोटा फुगतो. हात पाण्याने धुवा, पूर्ण कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा आणि फार पिळू नका. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर दमट हवेने पट्ट्या बिघडतात. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: रक्त फार कमी असेल तर बरेच मीटर साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात. तुमचं हिमोग्लोबिन कमी असेल, तर प्रयोगशाळेत फास्टिंगचं रक्त देताना त्याच मिनिटाला स्वतःच्या मीटरवर बोटही टोचून घ्या आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. मीटर सतत जास्तच दाखवतंय का, हे डॉक्टरांना त्यावरून कळेल, आणि नको तो डोस वाढणार नाही.