सात ठोके आणि मग मोकळी जागा

राजारामपुरीत आमच्या शेजारच्या इमारतीत रात्री कुणीतरी गाणी लावतं. भिंतीतून शब्द येत नाहीत, गाणाऱ्याचा आवाज येत नाही, सूर तर नाहीच. येतो तो नुसता बेस. उंच स्वर विटांच्या भिंतीत अडकतात. बेस गिटारचा खालचा स्वर, सेकंदाला साधारण 73 कंपनांचा, त्याची एक लाट पावणेपाच मीटर लांब असते. अशी लाट भिंतीलाच हलवून पलीकडे येते.

एका रात्री त्यातून आलं ते असं: डुम डुम डुम डुडुम डुम डुम. पुढे गप्प. परत तेच. गाणं ओळखीचं वाटलं, पण नाव आठवेना. चालही नाही, एक शब्दही नाही.

अशा वेळी मी केरव्याच्या आठ मात्रा बोटांवर धरतो आणि ठोके त्यात बसवून बघतो. पहिल्या तीन मात्रांवर एकेक ठोका. चौथ्या मात्रेत दोन, घाईघाईने. पाचवीवर एक, सहावीवर एक. सातवी आणि आठवी रिकामी. एकूण ठोके सात, त्यातले पहिले सहा एकाच स्वरावर आणि सातवा त्याहून खाली उतरलेला. एवढं हाताला लागलं की गाणं सापडलंच म्हणा: ब्रिटिश बँड क्वीन आणि गायक डेव्हिड बोवी यांचं 1981 सालचं ‘अंडर प्रेशर’. यात खरी ओळख पटवतात त्या शेवटच्या दोन रिकाम्या मात्रा. त्या भरून टाका, सातही ठोके तसेच ठेवा, गाणं हरवतं.

गाणं सावकाश वाजवलं किंवा भरभर, तरी हा साचा ओळखू येतो. पण सम चुकली की संपलं. तेच सात ठोके चौथ्या मात्रेपासून मोजायला लागा, कान दुसरंच काहीतरी ऐकतो. भिंतीपलीकडून ऐकताना हेच होतं, कारण सम दाखवणारे झांजेचे बारीक आवाज भिंतीतच राहतात. म्हणून मी आधी मोठी मोकळी जागा शोधतो आणि तिच्या पुढच्या ठोक्याला सम धरतो. सगळ्या गाण्यांना हा उपाय लागू पडेल असं नाही, इथे पडतो.

हे सगळं मी मंगळवार पेठेतल्या माझ्या हलगीवाल्या मित्राला टेबलावर वाजवून दाखवलं. त्याने इंग्रजी गाणं आयुष्यात कधी आवडीने ऐकलेलं नाही. दोन फेऱ्यांत त्याने तो साचा तोंडाने म्हटला, मोकळ्या जागेसकट. मग मी साधा केरवा वाजवला, धागेनतिनकधिन, आणि विचारलं, ‘‘आता हे कुठलं गाणं?’’ तो म्हणाला, ‘‘भावा, ह्यो ठेका झाला. गाणं कुठाय?’’

बरोबर बोलला. केरव्यावर हजारो भावगीतं आणि भजनं उभी आहेत, त्यामुळे नुसत्या ठेक्यावरून त्यातलं एक निवडता येत नाही. ओळख पटते ती त्या एका गाण्यापुरत्या बेतलेल्या ओळीवरून. शब्द आणि चाल विसरूनही ती ओळ का टिकते, याचं कारण मला फार गूढ वाटत नाही. कडवं एका गाण्यात एकदाच येतं. बेसची ही ओळ, जिथे सलग वाजते तिथे, मिनिटाला पंचवीसहून जास्त वेळा कानावरून जाते. आपण ती पाठ करत नाही. ती आपोआप होते.

उलट गाण्याची चाल टेबलावर ठोकून दाखवली तर समोरचा बहुतेक वेळा ओळखत नाही. 1990 साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी हाच खेळ प्रयोग म्हणून केला होता. 120 गाणी ठोकली गेली, ऐकणाऱ्यांना ओळखता आली फक्त 3. ठोकणाऱ्यांना वाटत होतं, निम्मी तरी ओळखतील. त्यांच्या डोक्यात पूर्ण गाणं वाजत होतं ना! बेसच्या ओळीत निदान स्वराची चढउतार तरी असते. ‘अंडर प्रेशर’मधल्या त्या सातव्या ठोक्याचा उतार काढून टाका, टेबलावर नुसते सात ठोके उरतात आणि ओळखणं कितीतरी अवघड होतं.

आता भिंतीपलीकडचं एक संकट राहिलं. अमेरिकन रॅपर व्हॅनिला आइसच्या 1990 सालच्या ‘आइस आइस बेबी’त हीच ओळ आहे. तेव्हा त्याने सांगितलं होतं की आमच्यात पुढची फेरी सुरू होण्याआधी एक जादा ठोका आहे, म्हणून ती वेगळी. पुढे गाण्याच्या श्रेयात क्वीन आणि बोवी यांची नावं आलीच. पण कान लावून बसलं तर तो जादा ठोका खरोखर उपयोगी पडतो: मोकळ्या जागेच्या शेवटी काही पडलं नाही तर 1981, पडलं तर 1990.

मित्राला हा वाद सांगितला. त्याने हलगी गुडघ्यावर घेतली, दोन्ही साचे लागोपाठ वाजवले आणि मान हलवली. ‘‘एका जादा ठोक्यानं गाणं आपलं व्हतंय व्हय? मग मिरवणुकीत मी रोज चार गाण्यांचा मालक झालो असतो की मर्दा.’’