सही कोण करणार?

"ताई, जादूच्या गोष्टींतली ही मुलं एकतर अनाथ असतात, नाहीतर बोर्डिंगला. लेखक त्यांना आईबाबांजवळ राहू का देत नाहीत हो?"

कारण चांगली आई गोष्ट थांबवते. आमच्या वाचनगटातल्या सहावीच्या एका मुलीनं दिवाळीच्या सुट्टीत एक गोष्ट लिहिली होती. माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत तिला एक जिना सापडतो आणि तो खाली खाली जातच राहतो. मी अधीर होऊन पान उलटलं. पुढच्या पानावर मुलगी आईला हाक मारते, आई येऊन ट्रंकेला कुलूप लावते आणि बाबांना फोन करते. गोष्ट संपली. त्या आईचं काहीच चुकलं नव्हतं. मीही तेच केलं असतं.

म्हणून लेखकाला आईला कुठेतरी लांब ठेवावं लागतं. ‘नार्निया’च्या गोष्टी लिहिणाऱ्या सी. एस. लुईस यांना 1950 साली त्यासाठी कुणाला मारावं लागलं नाही. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या भीतीनं लंडनची मुलं खेड्यांत पाठवली गेली होती, त्यांतलीच चार भावंडं त्यांनी एका मोठ्या, अनोळखी घरात नेली. पण युद्ध काही प्रत्येक लेखकाच्या मदतीला येत नाही.

हॅरी पॉटर अनाथही आहे आणि बोर्डिंगलाही आहे, पण या दोन गोष्टींची कामं वेगळी आहेत. आईवडील नसले तरी त्याला घर आहे, मावशी-काका आहेत, आणि काका बंधनं तर भरपूर घालतात. फरक एवढाच, की जिन्याखालच्या कोनाड्यात झोपवणाऱ्या काकांचं बंधन मोडलं तर वाचणाऱ्या मुलाला टोचत नाही. आईचा शब्द मोडला असता तर टोचलं असतं, आणि टोचलेलं मूल साहसात रमत नाही.

शाळा मात्र गोष्टीला वेळापत्रक देते. इंग्रजीत ही वाट जुनी आहे. थॉमस ह्यूज यांनी 1857 मध्ये रग्बी गावातल्या बोर्डिंग शाळेवर कादंबरी लिहिली, तेव्हापासून हाउसेस, सामने, दादागिरी करणारा मोठा मुलगा हे सगळं वाचकांच्या ओळखीचं आहे. हॅरीच्या जादूच्या शाळेची, हॉगवर्ट्सची, गाडी 1 सप्टेंबरला सुटते, मध्ये नाताळ येतो, शेवटी परीक्षा, आणि संकटही बहुतेक वेळा परीक्षेच्या सुमारासच पिकतं. सातव्या भागात हॅरी आणि त्याचे जिवलग रॉन आणि हर्मायनी, तिघं शाळेत जातच नाहीत. तंबूतले ते महिने आमच्या गटातल्या बऱ्याच मुलांना लांबलेले वाटतात. मला वाटतं, पायाखालचं वेळापत्रक निघून गेल्यामुळे तसं होतं.

त्याच सातव्या भागात मला माझं सर्वांत मोठं उत्तर सापडतं. रॉनची आई जिवंत आहे, प्रेमळ आहे, आणि मुलं काहीतरी भयंकर ठरवताहेत हे तिला कळलंय. ती काय करते? घरात लग्न आहे, म्हणून तिघांना वेगवेगळ्या कामांना जुंपते, म्हणजे त्यांना एकत्र बसून बोलताच येऊ नये. शंभर राक्षस जे करू शकले नसते ते ती बाई लग्नघरातल्या कामांनी जवळजवळ करून दाखवते. आणि हर्मायनी? तिचे आईवडील दोघंही दंतवैद्य, धडधाकट. निघण्याआधी ती त्यांच्या आठवणी बदलते, आपल्याला मुलगी आहे हेच त्यांना विसरायला लावते आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवते. जिला आईवडील होते, तिलाही शेवटी स्वतःच्या हातानं पोरकं व्हावं लागलं.

आता माझी तक्रार. पुष्कळ लेखक पहिल्या पानावर आईवडिलांना मारतात आणि पुढे विसरून जातात. हे ओळखणं सोपं आहे: मूल संकटातून सुटलं, जिंकलं, की त्याला कुणाला सांगावंसं वाटतं ते बघा. कुणालाच नसेल, तर त्याचं अनाथपण लेखकाची सोय आहे. अकरा वर्षांच्या हॅरीला मनातली सर्वांत खोल इच्छा दाखवणारा आरसा सापडतो, तेव्हा त्याला त्यात आईवडील दिसतात. तो दुसऱ्या रात्री जातो, तिसऱ्या रात्रीही जातो. पुस्तक लिहायला घेतल्यानंतर थोड्याच महिन्यांत, 1990 च्या डिसेंबरात, हॅरीच्या लेखिका रोलिंग यांची आई वारली होती. ते प्रकरण वाचताना मला हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि ती सही. तिसऱ्या वर्षी मुलांना जवळच्या गावात फिरायला जाता येतं, पण पालकांची सही लागते. काका सही करत नाहीत. बाकीची मुलं जातात आणि हॅरी वाड्यात एकटा मागे राहतो. ज्यांच्या नसण्यानं त्याला एवढं मोकळं रान मिळालं, त्यांच्या नसण्यानंच तो एका साध्या सहलीला मुकतो. वर्ष संपतं, गाडी परत निघते, आणि एक चिमुकलं घुबड खिडकीशी धडपडत पत्र घेऊन येतं. पत्र सिरियसचं, वडिलांच्या जिवलग मित्राचं. सोबत आणखी एक चिठ्ठी असते: हॅरीला त्या गावी जाण्याची परवानगी आहे. खाली सही.