तुम्ही विचारलंत म्हणून: ओव्हनचा वॅटभर खर्च

"टीसीएक्सओ पाच मिलिअँपिअरवर चालतो. मग तुमचा ओसीएक्सओ एकटा वॅटभर वीज कशाला खातो?"

दोघेही क्रिस्टलवर चालणारे, ठरावीक वारंवारता देणारे ऑसिलेटर. टीसीएक्सओ तापमानाचा परिणाम दुरुस्त करतो, ओसीएक्सओ क्रिस्टलला छोट्या ओव्हनमध्ये एकाच तापमानावर गरम ठेवतो. त्याची वीज जाते ओव्हनमधून बाहेर पाझरणारी उष्णता भरून काढण्यात. पण आधी मला ती का परवडते, ते सांगतो.

पुण्यात आमच्या गच्चीवर क्यूओ-१०० या हौशी रेडिओवाल्यांच्या उपग्रहाकडे तोंड केलेली एक डिश आहे. तिच्या एलएनबीत, म्हणजे डिशसमोर बसवलेल्या, संकेत पकडणाऱ्या डबीत, २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि त्याच्या ३९० पट, म्हणजे ९७५० मेगाहर्ट्झ, तिथे तयार होतात. क्रिस्टल दहा लाखांत एका भागाने सरकला, की उपग्रहामार्फत बोलणारा माणूस माझ्या डायलवर पावणेदहा किलोहर्ट्झ सरकतो. त्याचा आवाज मात्र जेमतेम पावणेतीन किलोहर्ट्झ रुंद. मग शोधत बसा!

म्हणून आधी टीसीएक्सओ लावला. तो क्रिस्टलला भटकू देतो, शेजारचा सेन्सर तापमान सांगतो आणि त्यावरून अंदाजाने व्होल्टेज देऊन वारंवारता मागे ओढली जाते. या कामाला वीज लागतेच किती? पण ऊन जाऊन ढग आला, की सेन्सर आणि क्रिस्टल एकाच वेळी थंड होत नाहीत. त्या मिनिटभरात दुरुस्ती चुकीच्या तापमानाची होते. दोनशे हर्ट्झ सरकायला एवढं पुरतं, आणि बोलणारा बदकासारखा ऐकू येतो.

ओव्हनवाला अंदाज करतच नाही. क्रिस्टलच्या तापमान-वारंवारता वक्रावर एक जागा अशी असते, की तिथे तो सपाट होतो. तापमान थोडं हललं तरी वारंवारता जवळपास हलत नाही. क्रिस्टल नेमका तिथेच धरून ठेवायचा. माझ्याकडच्याचा हा बिंदू ७५ अंशांवर आहे.

ओव्हन फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. त्यामुळे हा बिंदू बाहेरच्या कमाल तापमानाच्या वरच हवा, आणि तेवढी उष्णता अखंड बाहेर जाणार. खोलीत २५ अंश असताना फरक ५० अंशांचा आणि खर्च साधारण १ वॅट, म्हणजे अंशामागे २० मिलिवॅट. डिसेंबरच्या पहाटे १० अंश असतील तर १.३ वॅट. सुरू करताना तर थंड गोळा तापवायचा असतो, तेव्हा पहिली काही मिनिटं ३ वॅट. तोवर वारंवारतेवर भरवसा ठेवू नये.

मी एकदा शहाणपणा करून तो गच्चीवरच्या डब्यात ठेवला होता. मे महिन्यात दुपारी करंट उतरत उतरत एका आकड्यावर थिजला आणि आवाज पुन्हा वाहू लागला. डब्यातच सत्तरच्या आसपास तापमान होतं. वर सर्किटची स्वतःची उष्णता, त्यामुळे ओव्हनला करायला कामच उरलं नव्हतं. ऊन बदलूनही करंट हलत नसेल, तर ओव्हनचा ताबा सुटला असं समजा.

आता ओसीएक्सओ खाली टेबलावर असतो, आणि २५ मेगाहर्ट्झ दुसऱ्या केबलने वर जातात. बॅटरी घेऊन डोंगरावर जाताना मात्र टीसीएक्सओच घेतो, आणि तो सावलीत स्पंजात गुंडाळून ठेवतो.