पाटील ‘आले’, सालदार ‘आला’

“गोष्टीत म्हातारी माणसं, दुकानातलं गिऱ्हाईक, लहान लेकरं यांना ‘तो-ती’ लिहायचं की ‘ते-त्या’, हे तुम्ही कसं ठरवता?”

मी आधी एवढंच बघतो की गोष्ट सांगतंय कोण. वय त्याच्यानंतर.

आमच्या यवतमाळकडच्या एखाद्या गावातलं किराणा दुकान घ्या. पाटील येतात, त्यांच्यामागून त्यांच्याच वयाचा सालदार. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षाच्या बोलीवर राबणारा माणूस. नवे लिहिणारे माझ्याकडे मजकूर आणतात, त्यात हा प्रसंग हमखास असा असतो: ‘पाटील आले. बाकावर बसले. त्यांनी तेलाचा पुडा मागितला. मागून सालदार आला. दारातच उभा राहिला. त्यानं साखर मागितली.’ दोघांचेही केस पांढरे. तरी एक ‘आले’ आणि दुसरा ‘आला’. लिहिणाऱ्याच्या मनात अपमान नसतो, हे मला ठाऊक आहे. गावात जे कानावर पडतं तेच हातातून उतरतं. पण इथं सांगणारा गावातला कुणी नाही, लेखक स्वतः आहे. त्यानं जात आणि जमीन बघून क्रियापद बदललं, हे मला मान्य नाही.

म्हणून मी दोघांनाही ‘आले’ लिहितो. दुकानदाराचं बोलणं मात्र जसं असतं तसंच ठेवतो. पाटलांना तो म्हणतो, “या जी, बसा.” सालदाराला, म्हणजे आबाजींना, म्हणतो, “काय पायजे गा?” ‘आबाजी दारातच उभे राहिले’ या वाक्याच्या पाठोपाठ तो ‘गा’ आला की वाचणाऱ्याला टोचतो. निवेदनातही ‘उभा राहिला’ असतं तर तो ‘गा’ कुणाच्या लक्षातही आला नसता. बोली सुधारायची नाही, निवेदन सुधारायचं. आपल्याकडे पुष्कळजण नेमकं उलट करतात: दुकानदाराच्या तोंडी पुस्तकी ‘आपल्याला काय हवंय?’ घालतात आणि निवेदनात सालदाराला ‘तो’ ठेवतात.

तपासताना नुसती क्रियापदं बघून भागत नाही. ‘साखर मागितली’ हे क्रियापद साखरेप्रमाणे चालतं. मागणारा पाटील असो की सालदार, ते बदलत नाही. तिथं मान-अपमान ‘त्यानं’ की ‘त्यांनी’ यात लपलेला असतो. ‘त्याला-त्यांना’, ‘त्याचा-त्यांचा’ यांवरूनही बोट फिरवावं लागतं. एका परिच्छेदात ‘आबाजी बसले’ आणि पुढच्या ओळीत ‘त्याच्या हातात पिशवी होती’ असं झालं की समजावं, लेखकाचं लक्ष सुटलं आणि जुनी सवय वर आली.

याची एक अडचण आहे. दोघेही ‘ते’ झाले की ‘त्यांनी त्यांच्याकडे पाहिलं’ यात कुणी कुणाकडे पाहिलं ते कळत नाही. मग मी सर्वनाम सोडतो आणि ‘पाटील’, ‘आबाजी’ पुन्हा पुन्हा लिहितो. कानाला ते खटकत नाही. आपल्या सांगण्यात नाव असंच परत परत येतं.

‘गिऱ्हाईक’ शब्द नपुंसकलिंगी. ‘गिऱ्हाईक आलं, सामान घेऊन गेलं’ हे दुकानदाराच्या नजरेनं ठीक, कारण त्याच्यासाठी तो सौदा असतो. पण गिऱ्हाइकाला चेहरा मिळाला, त्यानं घरची विचारपूस केली, की ‘ते गिऱ्हाईक’ तिथंच संपवावं आणि ‘काका’ किंवा ‘वहिनी’ सुरू करावं. मग ‘काका आले’, ‘वहिनी आल्या’.

घरात मात्र हा नियम मोडतो, आणि मोडलाच पाहिजे. पोरगा गोष्ट सांगत असेल तर ‘माय वावरातून आली’. आमच्याकडे मायला ‘तू’च म्हणतात, त्यात सगळी माया असते. ‘माय आल्या’ लिहिलं तर ती परकी बाई होते. पण तीच माय दुकानात गेली आणि निवेदन लेखकाचं असेल, तर ‘बाई आल्या’. एकाच बाईला एकाच गोष्टीत दोन रूपं चालतात; नजर बदलली हे वाक्यावरून कळायला हवं, एवढंच.

लेकरांचं त्यामानानं सोपं. ‘लेकरू रडत होतं’ हे ओळख होईपर्यंत. नाव आलं की ‘तो’ किंवा ‘ती’. ‘पोट्टा’, ‘पोट्टी’ मी घरच्यांच्या तोंडी मोकळेपणानं घालतो, निवेदनात नाही. परक्यानं म्हटलं की त्याच शब्दाची धार बदलते.

अवघड होतं ते लेकरू मोठं झाल्यावर. पहिल्या पानावर बिस्किटाचा पुडा घ्यायला आलेली पोरगी शेवटी अंगणवाडीच्या ताई होते. दुकानदार आता तिला “या ताई” म्हणतो. सांगणारी तिची आजी असेल तर मी शेवटपर्यंत ‘ती’ ठेवतो. सांगणारा लेखक असेल, तर ज्या वाक्यात दुकानदार पहिल्यांदा “या ताई” म्हणतो, त्याच्या पुढच्या वाक्यापासून ‘त्या’.